ईसॉपचा आकडा पाहण्याआधी नोकरी सोडण्याचं कलम वाचा

मागच्या महिन्यात भाची ऑफर लेटर घेऊन घरी आली. पुण्यातली साठ-सत्तर माणसांची सॉफ्टवेअर कंपनी, पगार वर्षाला 28 लाख, आणि त्याखाली एक ओळ: 'याशिवाय 12 लाख रुपयांचे ईसॉप, बोर्डाच्या मंजुरीच्या व कंपनीच्या ईसॉप योजनेच्या अधीन.' दुसऱ्या एका जुन्या, मोठ्या कंपनीची 31 लाखांची ऑफर तिच्या हातात होतीच. "मावशी, 28 आणि 12 म्हणजे 40 झाले ना? मग 31 ची का घेऊ?" हा तिचा प्रश्न.

मी तिला म्हटलं, तू ही नोकरी कधी सोडणार ते आधी सांग. ती हसली, कारण अजून रुजूसुद्धा झाली नव्हती. पण ईसॉपचा, म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला घेण्याच्या हक्काचा, खरा हिशोब सोडण्याच्या दिवसापासूनच सुरू होतो. मी स्वतः एका स्टार्टअपमधून बाहेर पडले तेव्हा माझे हजारभर ऑप्शन 'वेस्ट' झालेले, म्हणजे माझ्या हक्काचे झालेले होते. नव्वद दिवसांत पैसे भरा, नाहीतर ऑप्शन रद्द, असा मेल आला. तोपर्यंत मी योजनेचा कागद उघडूनही पाहिला नव्हता. कराची रक्कम धरून आकडा जमेना, आणि ते ऑप्शन गेले. त्यामुळे पुढे जे सांगतेय ते थोडं पोळलेल्या माणसाचं सांगणं आहे.

पायरी 1: रुपयांचे ऑप्शन करा, ऑप्शनचे टक्के करा

ईसॉप म्हणजे शेअर नव्हेत. ठरलेल्या किमतीला पुढे कधीतरी शेअर विकत घेण्याचा तो हक्क आहे. त्या ठरलेल्या किमतीला एक्सरसाइज प्राइस म्हणतात, आणि ती तुम्हाला खिशातून भरायची असते. म्हणून '12 लाखांचे ईसॉप' हे वाक्य अर्धवट आहे. किती ऑप्शन, एक्सरसाइज प्राइस किती, आणि 12 लाख हा आकडा कोणत्या भावाने काढला, हे तिन्ही कळल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही.

भाचीने एचआरला विचारलं. उत्तर आलं: 2,000 ऑप्शन, एक्सरसाइज प्राइस 100 रुपये, आणि भाव शेवटच्या फंडिंगचा, म्हणजे शेअरला 600 रुपये. दोन हजार गुणिले सहाशे, बरोबर 12 लाख. पण हे शेअर घ्यायला तिला 2 लाख भरावे लागणार, ते या आकड्यातून वजाच केलेले नाहीत. म्हणजे कागदावर सुद्धा उरले 10 लाख.

आणखी एक गोष्ट. गुंतवणूकदारांनी 600 रुपये मोजले ते प्रेफरन्स शेअरसाठी, ज्यांना कंपनी विकली गेली तर आधी पैसे मिळण्याचा हक्क असतो. कर्मचाऱ्याला मिळतो तो साधा इक्विटी शेअर. करासाठी मर्चंट बँकर या साध्या शेअरचं जे मूल्यांकन करतो, ते बहुतेक वेळा फंडिंगच्या भावापेक्षा कमी येतं. या कंपनीत ते 420 रुपये होतं. म्हणजे ऑप्शनमागे 320 रुपये, दोन हजारांचे 6 लाख 40 हजार, आणि तेही चार वर्षांत. वर्षाला 1 लाख 60 हजार पडले. समोर 31 लाखांच्या ऑफरमध्ये दरवर्षी 3 लाख जास्त, आणि तेही रोख. 28 अधिक 12 बरोबर 40 हे गणित इथेच संपलं, कारण त्यात चार वर्षांची गोष्ट एका वर्षात घातली होती.

अर्थात कंपनी वाढली तर 420 चे 2,000 होऊ शकतात, म्हणूनच लोक ईसॉप घेतात. ती वाढ मोजायला टक्केवारी लागते. एचआरला विचारायचं: सगळे प्रेफरन्स शेअर साध्या शेअरमध्ये रूपांतरित झाले आणि ईसॉपसाठी राखून ठेवलेले सगळे शेअर वाटले गेले असं धरलं तर कंपनीचे एकूण शेअर किती? या आकड्याला फुल्ली डायल्यूटेड म्हणतात. इथे तो 40 लाख निघाला. म्हणजे 2,000 ऑप्शन म्हणजे 0.05 टक्के, आणि 600 च्या भावाने कंपनीची किंमत 240 कोटी.

हा आकडा गोपनीय आहे असं काही कंपन्या सांगतात. गंमत म्हणजे तो बराचसा सरकारी दफ्तरी उघडाच असतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर 100 रुपये भरून कुठल्याही कंपनीची सार्वजनिक कागदपत्रं पाहता येतात. `MGT-7` या वार्षिक विवरणात एकूण शेअर भांडवल असतं, आणि `PAS-3` मध्ये प्रत्येक वाटपाचे शेअर किती आणि भाव काय ते असतं. संध्याकाळचा तासभर जातो, पण अंदाज चांगला येतो.

पायरी 2: वेस्टिंगचं घड्याळ कधी सुरू होतं ते पाहा

वेस्टिंग म्हणजे ऑप्शन हळूहळू तुमचे होत जाणं. नेहमीचा साचा चार वर्षांचा. पहिलं वर्ष काहीच नाही, त्याला क्लिफ म्हणतात. वर्ष भरलं की एकदम 25 टक्के, आणि पुढे दर महिन्याला, तिमाहीला किंवा वर्षाला थोडे थोडे. काही ठिकाणी पहिल्या वर्षी 10, मग 20, 30 आणि 40 टक्के असा उतरंडीचा उलटा हिशोब असतो. तिथे दोन वर्षांत निघालात तर 30 टक्केच हाती लागतात.

भाचीच्या कंपनीत वर्षाने 500 ऑप्शन आणि नंतर दर तिमाहीला 125 असं होतं. समजा ती 2 वर्षं 7 महिन्यांनी, म्हणजे 31 महिन्यांनी बाहेर पडली. पहिले 500, त्यानंतर सहा तिमाह्यांचे 750, एकूण 1,250. शेवटचा एक सुटा महिना वाया.

पण इथे एक खाच आहे, आणि ती ऑफर लेटरमधल्या 'बोर्डाच्या मंजुरीच्या अधीन' या शब्दांत लपलेली असते. ऑफर लेटर म्हणजे ग्रँट नव्हे. बोर्ड मंजुरी देतं, तुमच्या नावाचं ग्रँट लेटर निघतं, तेव्हा ऑप्शन खरोखर दिले जातात. कंपनी कायद्याखालच्या 2014 च्या नियमांतला नियम 12 सांगतो की ग्रँट आणि वेस्टिंग यांच्यात किमान एक वर्ष गेलंच पाहिजे. बोर्डाने तीन महिने उशिरा मंजुरी दिली आणि घड्याळ ग्रँटच्या तारखेपासून चाललं, तर त्याच 31 महिन्यांत तिचे 1,250 ऐवजी 1,125 ऑप्शनच वेस्ट होतील. एका बैठकीच्या दिरंगाईची किंमत 125 ऑप्शन. ग्रँट सहा-आठ महिने रखडलेले लोक मी पाहिलेत. म्हणून रुजू झाल्यापासून किती दिवसांत ग्रँट लेटर मिळेल ते ईमेलवर लिहून घ्या. पहिल्या वर्षाची अट कायद्याची आहे, ती कंपनीला मोडता येत नाही. पण पुढच्या हप्त्यांचं घड्याळ रुजू होण्याच्या तारखेपासून धरता येतं, आणि तसं मागायला लाजू नये.

पायरी 3: नोकरी सोडल्यावर काय, हे कलम दोनदा वाचा

ऑफर लेटरमध्ये हे नसतं. 'ईसॉप स्कीम' किंवा 'ईसॉप प्लॅन' नावाचा वीस-तीस पानांचा कागद असतो, त्यात असतं. सही करण्याआधी तो मागा. रुजू झाल्यावर देऊ असं म्हणाले तर निदान राजीनाम्याविषयीचं पान तरी मागा.

नियम 12 प्रमाणे राजीनाम्याच्या दिवशी जे ऑप्शन वेस्ट झालेले नाहीत ते संपतात, यात वाटाघाट नाही. वेस्ट झालेले मात्र योजनेत दिलेल्या मुदतीत एक्सरसाइज करता येतात, म्हणजे ठरलेली किंमत भरून त्यांचे शेअर घेता येतात. ही मुदत किती हे कायदा ठरवत नाही, कंपनी ठरवते. माझ्या मते सगळ्या कागदांत सर्वांत महत्त्वाची ओळ ही. कुठे 30 दिवस, कुठे 90 दिवस, आणि कर्मचाऱ्यांचा विचार करणाऱ्या काही कंपन्यांत काही वर्षं.

मुदतीने एवढा फरक का पडतो, ते पैशांत पाहू. भाची 31 महिन्यांनी 1,250 वेस्ट झालेले ऑप्शन घेऊन बाहेर पडली. त्या वेळी मर्चंट बँकरचं मूल्यांकन 500 रुपये आहे आणि कराचे दर आजचेच आहेत असं धरू. शेअर घ्यायला तिला 1,250 गुणिले 100, म्हणजे 1 लाख 25 हजार भरावे लागतील. हे सगळ्यांना कळतं. कळत नाही तो पुढचा भाग.

500 चा शेअर तिला 100 ला मिळाला, म्हणून शेअरमागे 400 रुपये हे तिचं पगारासारखं उत्पन्न धरलं जातं. याला परक्विझिट म्हणतात. एकूण 5 लाख. नव्या करप्रणालीत 24 लाखांच्या वर 30 टक्के दर आणि त्यावर 4 टक्के सेस, म्हणजे 31.2 टक्के. कर झाला 1 लाख 56 हजार. पगारातून कापतात तसा हा टीडीएस कंपनीलाच भरावा लागतो, आणि पगार थांबलेला असल्यामुळे कंपनी तो आधी तुमच्याकडून मागते.

एकूण 2 लाख 81 हजार रुपये, 90 दिवसांत, रोख. हातात काय येतं? बाजारात विकता न येणारे शेअर. त्यांच्यावर कर्ज मिळणंही अवघड. लिस्टिंग कधी होईल किंवा कंपनी कोणी विकत घेईल का, हे कोणालाच ठाऊक नाही. मुदत पाच वर्षांची असती तर तिने नुसती वाट पाहिली असती आणि गिऱ्हाईक आलं तेव्हाच पैसे भरले असते. नव्वद दिवसांत मात्र जुगार खेळायचा की सोडून द्यायचं, एवढेच दोन पर्याय.

त्याच कलमात आणखी दोन गोष्टी शोधा. एक, 'कॉज' म्हणजे कारणास्तव काढून टाकल्यास वेस्ट झालेलेही जातात का, आणि कारणाची व्याख्या किती पसरट आहे. अफरातफर असेल तर ठीक. 'कामगिरी असमाधानकारक' हेही त्यात घातलं असेल तर सावध व्हा. दोन, तुम्ही शेअर घेतल्यानंतरही कंपनीला ते परत विकत घेण्याचा हक्क आहे का, आणि असेल तर कोणत्या भावाने. खरेदी किमतीला परत घेता येतात असं लिहिलेलं असेल, तर 0.05 टक्के आणि 12 लाख हे दोन्ही आकडे खोडून टाका.

पायरी 4: कर दोनदा लागतो, आणि पहिला परत येत नाही

ग्रँट मिळाल्यावर कर नाही, वेस्ट झाल्यावरही नाही. पहिला कर एक्सरसाइजच्या वेळी, वर सांगितलेला. त्यासाठीची किंमत, म्हणजे फेअर मार्केट व्हॅल्यू, अनलिस्टेड कंपनीत मर्चंट बँकर ठरवतो, आणि तो अहवाल एक्सरसाइजच्या तारखेआधी 180 दिवसांपेक्षा जुना चालत नाही. हे व्यवहारात उपयोगी पडतं. नवा फंडिंग राउंड येऊ घातलाय अशी कुजबुज असेल, तर त्याआधीच्या अहवालावर एक्सरसाइज केल्यास कर कमी लागतो. अहवाल कोणत्या तारखेचा आहे हे फायनान्स विभागाला विचारा.

दुसरा कर विक्रीच्या वेळी. इथे तुमची खरेदी किंमत 100 नव्हे तर 500 धरतात, कारण मधल्या 400 वर कर भरून झालेला असतो. अनलिस्टेड शेअर 24 महिन्यांहून जास्त ठेवला तर नफा दीर्घकालीन, त्यावर 12.5 टक्के. त्याआधी विकला तर तुमच्या स्लॅबप्रमाणे. लिस्टेड शेअरसाठी ही मर्यादा 12 महिन्यांची. मुदत शेअरवाटपापासून मोजतात, वेस्टिंगपासून नाही.

भाचीच्या उदाहरणात तीन वर्षांनी कंपनी विकली गेली आणि शेअरला 1,200 मिळाले असं धरा. हाती 15 लाख. नफा शेअरमागे 700, एकूण 8 लाख 75 हजार, त्यावर सेस धरून 1 लाख 13 हजार 750 कर. आधीचे 2 लाख 81 हजार वजा केले तर निव्वळ 11 लाख 5 हजार 250. छान.

आता तेच शेअर 150 ला गेले असं धरा. हाती 1 लाख 87 हजार 500, म्हणजे 93 हजार 500 चा तोटा. कागदावर मात्र 4 लाख 37 हजार 500 चा भांडवली तोटा दिसतो. तुम्ही म्हणाल, मग त्या 5 लाखांच्या 'उत्पन्नावर' भरलेला कर तरी परत मिळेल. नाही मिळत. ते उत्पन्न पगार या सदरातलं आणि हा तोटा भांडवली. तो भांडवली नफ्यातूनच वजा होतो, पुढची आठ वर्षं ओढता येतो, पण पगाराला हात लावू शकत नाही. प्रत्यक्षात न मिळालेल्या पैशांवर 1 लाख 56 हजारांचा कर भरला, तो गेलाच. ईसॉपमध्ये माणसं बुडतात ती बहुधा या जागी.

'आम्ही सरकारमान्य स्टार्टअप आहोत, आमच्याकडे कर पुढे ढकलता येतो,' असं एचआर सांगू शकेल. 2020 च्या अर्थसंकल्पापासून तशी सोय खरंच आहे, पण दोन अटी नीट पाहा. नुसती डीपीआयआयटी या केंद्र सरकारच्या उद्योगविषयक विभागाची नोंदणी पुरत नाही. जुन्या कायद्याच्या कलम 80-आयएसी खालचं आंतरमंत्रालयीन मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, आणि नोंदणी असलेल्या बऱ्याच कंपन्यांकडे ते नसतं. आणि पुढे ढकललेला कर कधी भरायचा? जुन्या कायद्याच्या भाषेत, संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून 48 महिने, शेअरची विक्री, किंवा नोकरी सोडणं, यांपैकी जे आधी होईल त्यानंतर 14 दिवसांत. म्हणजे सोडून जाणाऱ्याला ही सोय जवळजवळ निरुपयोगी. नोकरीत असताना एक्सरसाइज करून ठेवणाऱ्याला तिचा फायदा होतो, पण राजीनामा दिला की तोही कर अंगावर येतो. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झाल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे सीएशी बोलताना जुने आणि नवे दोन्ही क्रमांक ऐकू येतील.

कंपनीने स्वतःच शेअर किंवा ऑप्शन परत विकत घेतले, ज्याला बायबॅक म्हणतात, तर कराचे नियम वेगळे असतात आणि अलीकडे ते वरचेवर बदललेत. ती वेळ आली की त्या वर्षाचा नियम सीएकडून पाहून घ्या. मूळ कंपनी अमेरिकेत किंवा सिंगापूरला असेल आणि शेअर तिचे मिळणार असतील, तर दरवर्षी विवरणपत्रात परदेशी मालमत्ता दाखवावी लागते. ते विसरल्यास दंड मोठा असतो.

पायरी 5: कंपनी कमी किमतीला विकली गेली तर

हा हिशोब फार कमी लोक करतात, म्हणून थोडा सावकाश सांगते. समजा या कंपनीने आजवर गुंतवणूकदारांकडून 90 कोटी घेतले आहेत, त्यांच्याकडे 40 टक्के शेअर आहेत, आणि 'आधी आमचे घातलेले पैसे परत' अशी अट आहे. याला लिक्विडेशन प्रेफरन्स म्हणतात. कंपनी 100 कोटींना विकली गेली.

साधा भागाकार केला तर 100 कोटी भागिले 40 लाख शेअर, म्हणजे शेअरला 250 रुपये. भाचीला वाटेल, 100 ला घेतलेला शेअर 250 ला गेला, ठीक आहे. पण गुंतवणूकदारांचे 40 टक्के म्हणजे 40 कोटीच होतात, म्हणून ते अट वापरून आधी 90 कोटी उचलतात. उरले 10 कोटी. ते संस्थापक आणि कर्मचारी यांच्या 24 लाख शेअरमध्ये वाटायचे. शेअरला जेमतेम 42 रुपये. तिची एक्सरसाइज प्राइस 100 आहे, म्हणजे ऑप्शन शून्य किमतीचे, आणि आधीच एक्सरसाइज केले असतील तर शेअरमागे 58 रुपये गेले, कर वेगळा.

म्हणून 'आजवर एकूण किती पैसे उभे केले' हा प्रश्न 'व्हॅल्युएशन किती' यापेक्षा उपयोगी आहे. पहिला आकडा दुसऱ्याच्या जवळ असेल तर कर्मचाऱ्याच्या वाट्याला काही उरण्याची शक्यता कमी. एक्सरसाइज प्राइस 1 रुपया किंवा 10 रुपये असेल तर अशा वेळी थोडं तरी हाती लागतं, आणि नोकरी सोडताना भरायची रक्कमही कमी होते. कर मात्र वाढतो, कारण फरक मोठा असतो.

पायरी 6: विचारायचं कसं आणि मागायचं काय

भाचीने एकच ईमेल पाठवला, त्यात पाच प्रश्न: ऑप्शनची संख्या व एक्सरसाइज प्राइस, फुल्ली डायल्यूटेड शेअर, ग्रँट लेटर कधी मिळेल, नोकरी सोडल्यावर एक्सरसाइजची मुदत किती, आणि 80-आयएसीचं प्रमाणपत्र आहे का. फोनवर विचारू नका. फोनवर सगळे 'काळजी करू नका' म्हणतात.

नव्या माणसासाठी कंपनी योजना बदलत नाही, कारण योजना भागधारकांच्या ठरावाने मंजूर झालेली असते. मात्र योजनेत बोर्डाला मुदत वाढवण्याचा अधिकार असेल तर तुमच्या ग्रँट लेटरमध्ये वेगळी मुदत लिहिता येते. ऑप्शनची संख्या वाढवून घेणं त्या मानाने सोपं. पण मुदत 90 दिवसांचीच राहणार असेल, तर जास्त ऑप्शन मागण्यापेक्षा पगार मागावा, असं मी तिला सांगितलं. जास्त ऑप्शन म्हणजे सोडताना जास्त मोठी रक्कम उभी करायची.

चार दिवसांनी उत्तर आलं. आकडे मिळाले, तेच वर वापरलेत. ग्रँट 60 दिवसांत देऊ असं लेखी आलं. प्रमाणपत्र नाही. मुदत 90 दिवस, पण तीन वर्षं पूर्ण केलेल्यांना दोन वर्षं. भाचीने पगार 30 लाख करून मागितला, साडेएकोणतीसवर तडजोड झाली, आणि तिने हीच नोकरी घेतली. फोनच्या कॅलेंडरमध्ये तिने दोन नोंदी केल्या आहेत: रुजू झाल्यापासून साठावा दिवस, आणि तीन वर्षं पूर्ण होतील त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख.